गोलंदाजीतील चार संज्ञा : अर्थ, कृती आणि काही अडचणी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शाळांच्या पटांगणांवर मधल्या सुट्टीत क्रिकेटचा डाव मांडला गेला नाही, असा दिवस विरळाच. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालील गावांत काळ्या जमिनीवर, तर इंदापूरच्या जिराईत भागात मुरमाड माळावर, टेनिसच्या नाही तर रबरी चेंडूने हा खेळ चालतो. दूरचित्रवाणीवरील आणि भ्रमणध्वनीवरील समालोचनातून ऑफ स्पिन, लेग स्पिन, यॉर्कर, स्लोअर हे शब्द मुलांच्या तोंडी बसले आहेत. परंतु शब्द तोंडी बसणे निराळे आणि त्याचा अर्थ हातात उतरणे निराळे. ‘गुरुजी, ऑफ स्पिन म्हणजे चेंडू ऑफकडे वळतो ना?’ असा प्रश्न विद्यार्थी करतात आणि पुष्कळदा त्यांना ‘होय’ असेच उत्तर मिळते. वस्तुतः ते उत्तर नेमके उलटे आहे. केंद्र व तालुका पातळीवरील सामन्यांत पंचाचे काम बहुधा शिक्षकांनाच करावे लागते. त्या वेळी अशी एखादी चुकीची समजूत एखाद्या मुलाचा डावच नव्हे, तर पुढील खेळही संपवू शकते. म्हणून या चार संज्ञांचा अर्थ येथे थोड्या विस्ताराने दिला आहे.

प्रथम बाजू

कोणतीही संज्ञा समजण्यापूर्वी ‘ऑफ’ आणि ‘लेग’ या दोन बाजू पक्क्या व्हाव्या लागतात. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज आडवा उभा राहतो. त्याचा डावा खांदा गोलंदाजाकडे असतो. अशा स्थितीत त्याची छाती ज्या बाजूला असते ती ऑफ बाजू, आणि त्याच्या पाठीमागची, म्हणजे पायांमागची, ती लेग बाजू होय. गोलंदाजाच्या ठिकाणाहून पाहिले असता अशा फलंदाजाची ऑफ बाजू डाव्या हाताला येते. फलंदाज डावखुरा असेल, तर दोन्ही बाजूंची अदलाबदल होते. फळ्यावर आकृती काढून हे समजावणे कठीण जाते. त्यापेक्षा पटांगणावर चुन्याच्या फक्कीने यष्टीपासून यष्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढावी. मग एका उजव्या आणि एका डावखुऱ्या मुलाला आळीपाळीने उभे करून बाकीच्यांना ‘ऑफ कोणती?’ असे विचारावे. पाच मिनिटांत वर्ग तयार होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. फिरकीचे नाव चेंडू कोठे जातो यावरून पडलेले नसून तो कोठून येतो यावरून पडलेले आहे. टप्पा पडल्यावर ऑफ बाजूकडून आत, फलंदाजाच्या पायांकडे, येणारा तो ऑफ ब्रेक. लेग बाजूकडून बाहेर, ऑफकडे, जाणारा तो लेग ब्रेक. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला आपण पश्चिमेचा वारा म्हणतो, तो पूर्वेकडे जात असला तरी. येथेही तोच न्याय आहे.

ऑफ स्पिन

ही बोटांची फिरकी आहे. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवी, थोडी फाकवून ठेवतात. अंगठा केवळ टेकलेला असतो आणि चेंडू फिरविण्याचे मुख्य काम तर्जनी करते. लोणच्याच्या बरणीचे आट्यांचे झाकण बसविताना उजवा हात जसा उजवीकडे वळतो, तसाच तो चेंडू सोडताना वळतो. गोलंदाजाच्या पाठीमागून पाहिले तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जातो.

तो टप्प्यानंतर वळतो का, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. अशा रीतीने फिरणाऱ्या चेंडूचा वरचा भाग उजवीकडे, तर खालचा भाग डावीकडे सरकत असतो. जमिनीला टेकताच खालचा भाग मातीला डावीकडे रेटतो आणि माती चेंडूला उजवीकडे ढकलते. म्हणजे गोलंदाजाच्या दृष्टीने चेंडू उजवीकडे, उजव्या फलंदाजाच्या पायांकडे, वळतो. या सर्व क्रियेचा आधार घर्षण हा आहे. म्हणूनच टेनिसचा लवदार चेंडू मुरमाड जमिनीवर चांगला वळतो. गुळगुळीत रबरी किंवा प्लॅस्टिकचा चेंडू तितकाच फिरविला तरी घसरून सरळ जातो. मुलाने बोटे बरोबर फिरवूनही चेंडू वळत नसेल, तर दोष मुलाच्या बोटांत शोधण्यापूर्वी चेंडू बदलून पाहावा. कालव्याकाठच्या काळ्या जमिनीवर सकाळच्या ओलीत जो चेंडू वळत नाही, तोच दुपारी भुसभुशीत झालेल्या भागावर वळू लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

हीच बोटांची कृती डावखुऱ्या गोलंदाजाने केली की सर्व आरशातल्याप्रमाणे उलट होते. त्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर, लेगकडून ऑफकडे, जातो. या प्रकाराचे मोठे उदाहरण पुणे शहरातच घडले, आणि ते शिक्षकांना माहीत असावे.

पळवणकर बाळू यांचे बालपण पुण्यात गेले. चर्मकार समाजात जन्मलेल्या या मुलाला खेळाचे शिक्षण कोणी दिले नाही. प्रथम पारशी मंडळींच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याचे व लोळवण्याचे काम त्यांनी केले, आणि नंतर युरोपियनांच्या क्लबमध्ये नोकरी धरली. तेथे सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकत राहणे हेही त्यांच्या कामात आले. फलंदाजीची संधी त्यांना क्वचितच मिळे. परंतु रोज तासन्‌तास, एकाच जागी टप्पा टाकीत, ते डाव्या हाताची संथ फिरकी शिकले. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नावाजलेले फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गरज भासली. मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेण्यास कोणाची हरकत नसे, मात्र विश्रांतीच्या वेळी त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात अनेकांचा निभाव लागला नाही, तरी बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

बाळूंची फिरकी विलक्षण मोठी होती असे नव्हे. त्यांचे बळ होते ते टप्प्यावरील हुकमतीत आणि चेंडूचा वेग व उंची किंचित बदलत राहण्यात. बोटांच्या फिरकीचा हाच गुण आहे. ती चेंडूला थोडी वळविते, पण जेथे टाकावी तेथे पडते. शाळेत जो मुलगा हळू चेंडू टाकतो त्याला ‘जोर नाही’ म्हणून सीमेवर उभे करण्याची पद्धत आहे. त्याच्या चेंडूचे टप्पे एका परातीएवढ्या जागेत पडत असतील, तर तोच संघाचा खरा गोलंदाज समजावा.

लेग स्पिन आणि गुगली

लेग स्पिन ही मनगटाची फिरकी आहे आणि चारही प्रकारांत अवघड आहे. पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी असतात, अनामिका दुमडून शिवणीला लावलेली असते आणि मनगट आतल्या बाजूला वळवून ठेवलेले असते. सोडतेवेळी मनगट झटक्याने उलगडते आणि चेंडू अनामिकेवरून निघतो. येथे हात बरणीचे झाकण उघडताना वळावा तसा, डावीकडे, वळतो. म्हणून चेंडू घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि टप्प्यानंतर उजव्या फलंदाजापासून दूर जातो. भोवरा जाळीच्या एका झटक्याने जेवढा फिरतो तेवढा तो नुसत्या बोटांनी फिरत नाही. मनगट आणि बोटे यांत तोच फरक आहे. मनगटाची फिरकी मोठी असते, पण झटका किंचित आधी किंवा नंतर बसला तर चेंडू एक तर गोलंदाजाच्या पायाशी आपटतो, नाही तर फलंदाजाच्या छातीवर जातो. नव्या मुलाच्या सहा चेंडूंपैकी दोन नीट पडले, तर त्याची प्रगती उत्तम समजावी.

लेग स्पिनच्या पोटात गुगली दडलेली आहे. हाताची व बोटांची हालचाल तीच, परंतु चेंडू सोडण्यापूर्वी मनगट अधिक वळवून घ्यावयाचे. लेग ब्रेक सोडताना हाताची पाठ ढोबळमानाने गोलंदाजाकडे असते. गुगली सोडताना ती फलंदाजाकडे होते आणि चेंडू करंगळीच्या बाजूने बाहेर पडतो. हातच उलटा झाल्याने फिरण्याची दिशाही उलटते, आणि लेग ब्रेकच्या अपेक्षेने बाहेर खेळणाऱ्या फलंदाजाला चेंडू आत येऊन त्रिफळाचीत करतो. मनगट या दोहोंच्या मधोमध राहिले, तर चेंडू कोणत्याच बाजूला न वळता पुढच्या दिशेने फिरतो, अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो आणि टप्प्यानंतर उसळतो. तो टॉप स्पिन होय.

गुगलीचा जन्म मैदानावर झाला नाही. बोझंके नावाच्या इंग्रज खेळाडूला १८९७ च्या सुमारास टेबलावरील एका खेळात ती सुचली. टेनिसचा चेंडू टेबलावर असा टप्पा देऊन टाकावयाचा की समोरच्याला तो पकडता येऊ नये, असा तो खेळ होता. १९०० साली त्याने ती प्रत्यक्ष सामन्यात वापरली. हा प्रयोग कोणत्याही शाळेत विनाखर्च करता येतो. दोन लांब टेबले जोडावीत आणि टेनिसच्या चेंडूचा अर्धा भाग शाईने रंगवावा. शिक्षकाने एका टोकाला उभे राहून हातखालून, कधी झाकण उघडल्याप्रमाणे तर कधी बसविल्याप्रमाणे, चेंडू फिरवून टाकावा. दुसऱ्या टोकाच्या मुलाने टप्पा पडण्यापूर्वीच ‘डावा’ की ‘उजवा’ हे मोठ्याने सांगावयाचे. रंगीत अर्धा भाग फिरताना स्पष्ट दिसतो, त्यामुळे आठ दिवसांत मुले हवेतच चेंडू वाचू लागतात. हा खेळ फलंदाजाला जितका उपयोगी तितकाच गोलंदाजालाही, कारण आपण प्रत्यक्षात कोणती फिरकी दिली हे त्याला रंगावरून तत्काळ कळते.

बारामतीच्या वाचकांना लेग स्पिनच्या इतिहासातील एक नाव जवळचे वाटेल. सदाशिव ऊर्फ सदू शिंदे हे मुंबईत जन्मलेले गोलंदाज महाराष्ट्र, मुंबई व बडोदा या संघांतून खेळले. बारामतीचे शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभाताई या त्यांच्या कन्या. शिंदे यांच्या हातात लेग ब्रेक व गुगली दोन्ही होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडचे ९१ धावांत ६ बळी घेतले आणि पाहुण्यांचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात मात्र इंग्लंडने चिकाटीने खेळून सामना अनिर्णित राखला. शिंदे एकूण ७ कसोटी सामने खेळले आणि त्यांत त्यांना १२ बळी मिळाले, म्हणजे निम्मे बळी त्या एका डावातले. १९५५ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्याच पिढीतील सुभाष गुप्ते यांनी १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात १०२ धावांत ९ गडी बाद केले आणि कारकिर्दीत १४९ कसोटी बळी मिळविले. शिंदे यांचे आकडे पाहून कोणी त्यांना सामान्य म्हणेल. परंतु लेग स्पिनचा स्वभावच तसा आहे. मनगट साधले त्या दिवशी ती सामना उलटविते, न साधले त्या दिवशी धावा देते. ज्या शिक्षकाला दर षटकामागे धावांचा हिशेब मांडण्याची घाई आहे, त्याच्या संघात लेग स्पिनर तयार होणे नाही.

कोपराचा प्रश्न

फिरकी शिकविताना येणारी सर्वांत गंभीर अडचण कोपराची आहे. मनगटाचा झटका पाहून ‘हा चेंडू फेकतो’ असे म्हणून मुलाची गोलंदाजी थांबविल्याचे प्रसंग घडतात. यात दोन गोष्टींची गल्लत होते. मनगट कितीही वळविण्यास नियमाची आडकाठी नाही. नियम कोपराबद्दल आहे. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेला कोपर सरळ होता कामा नये, एवढेच तो सांगतो. कोपर आरंभापासून वाकलेला असेल आणि शेवटपर्यंत तितकाच वाकलेला राहिला, तर तो चेंडू वैध आहे.

एक उदाहरण घेऊ. लहानपणी झाडावरून पडून हात मोडलेला आणि हाड थोडे वाकडे जुळलेला मुलगा खेड्यात दुर्मिळ नाही. त्याचा कोपर पूर्ण सरळ होतच नाही. तो ऑफ स्पिन टाकू लागला की समोरून पाहणाऱ्याला हात वाकलेला दिसतो आणि प्रतिस्पर्धी शाळा तक्रार करते. अशा वेळी पंचाने त्या मुलाला आधी हात खाली सोडून, नंतर खांद्याशी आडवा धरून, जमेल तितका ताठ करावयास सांगावे. कोपर किती वाकलेला राहतो ते पाहून घ्यावे. मग बाजूला, गोलंदाजाच्या रेषेत उभे राहून त्याचे सहा चेंडू पाहावेत. हात वर येतानाचा कोन आणि चेंडू सोडतानाचा कोन डोळ्यांना सारखाच दिसला, तर हरकत राहत नाही. भ्रमणध्वनीवर संथ गतीचे चित्रण घेता आले तर काम अधिक सोपे होते. श्रीलंकेचे मुरलीधरन यांचा कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नसे. त्यांच्यावर अनेक वर्षे आक्षेप घेतले गेले, तपासण्या झाल्या, आणि शेवटी त्यांनी कसोटीत ८०० बळी घेतले. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २००५ पासून कोपर सरळ होण्यास १५ अंशांपर्यंत सवलत आहे, कारण सूक्ष्म उपकरणांनी मोजले असता बहुतेक सर्वच गोलंदाजांचा कोपर थोडाबहुत हलतो असे आढळले. १५ अंशांहून कमी हालचाल उघड्या डोळ्यांना दिसणे कठीण. शाळेच्या पंचाने त्यामुळे जे स्पष्ट दिसते त्याच्यावरच निर्णय द्यावा, संशयावर देऊ नये.

यॉर्कर

यॉर्कर ही फिरकी नव्हे, ती टप्प्याची जागा आहे. फलंदाजाच्या पायाच्या बोटांशी, खेळण्याच्या रेषेवर, टप्पा पडणारा चेंडू तो यॉर्कर. फलंदाजाने बॅट मागे उचललेली असते, आणि चेंडू जेथे पडतो तेथे ती सर्वांत शेवटी पोहोचते. या उशिरातच यॉर्करचे यश आहे. चेंडू बॅटखालून निसटून यष्टीवर जातो.

तो टाकणे इतके कठीण का, हे सातवी-आठवीच्या मुलांना गणिताने दाखविता येते. दोन्ही बाजूंच्या खेळण्याच्या रेषांमध्ये सुमारे १७.७ मीटर अंतर असते. मुलगा ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने, जमिनीपासून १.८ मीटर उंचीवरून चेंडू सोडतो असे धरू. चेंडू अगदी आडवा सोडला तर तो सुमारे ०.६ सेकंदात जमिनीला टेकतो, म्हणजे १२ मीटरवर. हा फलंदाजापासून साडेपाच मीटर अलीकडचा, नेहमीचा चांगला टप्पा झाला. यॉर्कर हवा असेल तर चेंडू आडव्या दिशेपेक्षा सुमारे साडेसहा अंश वरच्या बाजूला सुटावा लागतो. हाताच्या वर्तुळात तो क्षणभर आधी सोडला की ही दिशा मिळते. आता यात एका अंशाची चूक झाली तर टप्पा जवळजवळ ९० सेंटिमीटर सरकतो. एवढा अलीकडे पडला तर तो हाफ व्हॉली होऊन जोरदार मारला जातो. पलीकडे गेला तर टप्पाच न पडता फुलटॉस होतो. म्हणजे अर्ध्या-पाऊण अंशाची चूक एवढीच या चेंडूची सारी मुभा आहे.

सरावासाठी खेळण्याच्या रेषेवर एक जुनी चप्पल ठेवावी आणि ती नेमकी किती वेळा लागते ते मोजावे. फलंदाज तेथे उभा करू नये. अनवाणी किंवा साध्या चपलेत खेळणाऱ्या मुलांच्या पायांवर कातडी चेंडूचा यॉर्कर आदळला तर बोट मोडते. बूट नसतील तेथे हा सराव टेनिसच्या चेंडूनेच करावा, यात तडजोड नसावी.

संथ चेंडू

समालोचक ज्याला स्लोअर बॉल म्हणतात तो म्हणजे जलद गोलंदाजाने हाताचा वेग न बदलता टाकलेला हळू चेंडू. यातील मर्म ‘हाताचा वेग न बदलता’ या शब्दांत आहे. हात जोराने आला, पण चेंडूला तो जोर पूर्ण मिळाला नाही, असे साधावे लागते. त्यासाठी चेंडू बोटांऐवजी तळहातात खोल धरतात, किंवा सोडताना तर्जनी व मधले बोट चेंडूच्या उजव्या बाजूवरून झपकन खाली ओढतात. दुसऱ्या रीतीत जोराचा काही भाग चेंडू फिरविण्यात खर्च होतो, आणि तो थोडासा ऑफ ब्रेकप्रमाणे आतही येतो. मुलांना ही दुसरी रीत लवकर जमते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. मुलाचा नेहमीचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाचा आहे, संथ चेंडू १५ मीटरचा. फलंदाजापर्यंत पहिला सुमारे ०.९ सेकंदात आणि दुसरा सुमारे १.२ सेकंदात पोहोचतो. पहिल्याच्या हिशेबाने फलंदाजाने बॅट फिरविली, त्या क्षणी संथ चेंडू अजून जवळजवळ साडेचार मीटर दूर असतो. बॅट पुढे निघून जाते आणि चेंडू कडेला लागून वर उडतो.

परंतु मुलांचा संथ चेंडू बहुधा मार खातो, आणि त्याचे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो त्याच दिशेने, म्हणजे आडवाच, सोडला तर त्याच ०.६ सेकंदात फक्त ९ मीटरवर पडतो, नेहमीच्या टप्प्यापेक्षा ३ मीटर अलीकडे. असा आखूड, हळू चेंडू फलंदाजाला वाट पाहून मारता येतो. नेहमीच्या जागी टप्पा हवा असेल तर संथ चेंडू सुमारे सात अंश वरच्या दिशेने सुटला पाहिजे. तेव्हा ‘हळू टाक’ एवढे सांगून काम होत नाही, ‘हळू आणि किंचित आधी सोड’ असे सांगावे लागते. मुलाने नेहमीच्या टप्प्यावर फक्कीने एक गोल काढून घ्यावा आणि दोन्ही प्रकारचे चेंडू त्याच गोलात टाकण्याचा सराव करावा.

हाताचा वेग लपतो की नाही, हेही तपासता येते. शिक्षकाने यष्टीमागे, पुरेशा अंतरावर उभे राहावे. गोलंदाजाने आपल्या मर्जीप्रमाणे जलद व संथ मिळून दहा चेंडू टाकावेत. शिक्षकाने प्रत्येक चेंडू हातातून सुटताच, टप्प्यापूर्वी, ‘जलद’ किंवा ‘संथ’ असे सांगावे. आठ-नऊ वेळा उत्तर बरोबर आले तर त्या मुलाचा हात सर्व काही सांगून टाकतो आहे असे समजावे. बहुतेक वेळा दोष धावण्यात असतो. संथ चेंडू टाकावयाचा ठरला की शेवटची दोन पावले आपोआप मंद पडतात.

वरच्या दिशेने सोडण्याच्या प्रयत्नात चेंडू हातातून निसटून फुलटॉस होण्याचा संभव पुष्कळ असतो. तो कमरेच्या वर आला तर पंचाने नो बॉल द्यावा. पूर्वी संथ चेंडूला खांद्यापर्यंत सूट होती. २०१७ च्या नियमसंहितेने ती काढून टाकली, आणि आता चेंडूचा वेग कोणताही असला तरी मर्यादा कमरेचीच आहे. ही उंची फलंदाज खेळण्याच्या रेषेवर सरळ उभा आहे असे मानून ठरवावयाची असते. वाकलेल्या किंवा पुढे धावत आलेल्या फलंदाजाच्या अंगावर चेंडू कोठे लागला, यावरून ती ठरवू नये.